नाण्याची सावली: भिंगारच्या एका शिवराईची कड

इतिहासाच्या पुस्तकांत भिंगारचे नाव बहुधा एकाच कारणाने येते. १७०७ मध्ये औरंगजेब येथील छावणीत मरण पावला, त्याचा देह खुलताबादला नेण्यात आला, आणि आलमगीर हे नाव तेवढे येथे मागे राहिले. परंतु या परिसराने त्याआधी निजामशाही पाहिली होती. त्यानंतर १७५९ मध्ये नगरचा किल्ला पेशव्यांकडे आला, पुढे तो शिंद्यांकडे गेला, आणि ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने तो जिंकला. मग इंग्रजांची छावणी वसली. इतक्या राजवटी जेथून गेल्या, तेथील जुन्या घरांच्या देव्हाऱ्यांत त्यांचे पैसेही राहिले. देवांच्या ताम्हनात, टाकांच्या शेजारी, चिंच-मिठाने घासून लख्ख केलेले एखादे तांब्याचे नाणे आजही दिसते, आणि बहुतेक वेळा ते शिवराई असते.

आजचा धागा अशाच एका शिवराईविषयी आहे. नाणे भिंगारमधील एका कुटुंबाचे आहे. त्याचा इतिहास सांगण्यापेक्षा त्याचे चित्र कसे तयार केले, हे येथे सांगायचे आहे; कारण त्या नाण्यावरचा मजकूर काय आहे, हा प्रश्न अखेर चित्राच्या कडेवर येऊन थांबला होता.

शिवराईचा मजकूर वाचकांना ठाऊक आहेच. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून, सुरू झालेले हे नाणे पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळात निरनिराळ्या टांकसाळींतून पडत राहिले आणि एकोणिसाव्या शतकातही बाजारात चालत होते. इतक्या कारागिरांनी इतक्या ठिकाणी ठसे कोरल्यामुळे अक्षरांची रूपे बदलली. ‘शिव’च्या जागी ‘सिव’ आणि ‘सीव’ दिसते. ‘पति’च्या जागी ‘पती’ दिसते, कुठे नुसते ‘पत’ही दिसते. अभ्यासक शिवराईचे प्रकार लावतात ते पुष्कळदा याच भेदांवरून, आणि अक्षरांभोवतीच्या बिंदूंवरून व रेघांवरून. मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या दांड्या असल्या की ती ‘दुदांडी’ शिवराई. आपले नाणे दुदांडी आहे.

आता अडचण अशी, की ही नाणी हातोड्याने पाडलेली. ठसा अनेकदा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असे, आणि चकती ठशाच्या नेमक्या मध्यावर बसेलच याची खात्री नसे. म्हणून बहुतेक शिवरायांवर मजकुराचा काही भाग कडेबाहेर गेलेला असतो. ‘पति’ मधील ऱ्हस्व वेलांटी ‘त’च्या डाव्या बाजूला येते, ती सहसा नाण्यावर सापडते. ‘पती’ मधील दीर्घ वेलांटी मात्र ‘त’च्या उजवीकडे, म्हणजे थेट नाण्याच्या कडेला येते. भिंगारच्या नाण्यावर ‘प’ आणि ‘त’ यांच्यामधला भाग घासून सपाट झाला आहे. तेथे ऱ्हस्व वेलांटी होती की नव्हती, हे सांगता येत नाही. ‘त’चा काना स्पष्ट आहे. त्या कान्याच्याही उजवीकडे, अगदी कडेवर, एक गडद उभी रेघ दिसते. ती रेघ खरी असेल तर मजकूर ‘पती’ आहे. ती नुसती सावली असेल तर नाणे ‘पति’ किंवा ‘पत’ असू शकते.

संग्रहालयाच्या सूचीत नाणे पांढऱ्या पानावर, भोवतालचे काहीही न दाखवता, स्वच्छ कापून छापतात. हा कापण्याचा टप्पा यांत्रिक वाटतो. पण या नाण्याच्या बाबतीत उत्तर नेमके त्या कापण्याच्या रेषेवर उभे होते.

मागच्या पिढ्यांनी हे काम कसे केले, ते थोडक्यात पाहू. १८३० च्या दशकात कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात जेम्स प्रिन्सेपने नाण्यांची जी चित्रे छापली, ती हाताने काढलेली होती. तेथे सावलीचा प्रश्नच नव्हता. पण अक्षर वाचणारा आणि काढणारा माणूस एकच, त्यामुळे त्याने जे वाचले तेच चित्रात उतरे. छायाचित्र आले तेव्हा नव्या अडचणी आल्या. चांदी चमकते, तांबे काळवंडते, आणि नाण्याची सावली टेबलावर पडून कडेशी एकजीव होते. ब्रिटिश म्युझियमने यावर जो मार्ग काढला तो मला आजही सुंदर वाटतो. ते नाण्याचा छायाचित्र-पट करण्याऐवजी त्याचा प्लास्टरचा ठसा घेत आणि त्या ठशाचे छायाचित्र काढत. स्टॅन्ली लेन-पूलच्या १८८४ ते १८९२ या काळातील भारतीय नाण्यांच्या सूचींमधील चित्रे याच पद्धतीची आहेत. प्लास्टर पांढरे आणि निस्तेज. त्यावर ना चमक ना डाग, फक्त उठाव. एका बाजूने प्रकाश टाकला की अक्षरे उभी राहतात. किंमत एवढीच, की धातूचा रंग गेला, आणि ठशाची कड चाकूने साफ करावी लागे, म्हणजे कडेचा साक्षीपुरावा पुन्हा कुणाच्या तरी हाताच्या भरवशावर गेला. पुढे ब्लॉक तयार करण्याच्या काळात छायाचित्राच्या निगेटिव्हवर नाण्याभोवती प्रकाश अडवणारा रंग कुंचल्याने भरत. तेवढा भाग छपाईत पांढरा येई. आज आपण संगणकावर ‘मास्क’ म्हणतो तो त्याच कुंचल्याचा वंशज आहे.

भिंगारचे नाणे एका दुपारपुरते हाती होते. संध्याकाळी ते पुन्हा देव्हाऱ्यात जायचे होते. साधन म्हणून साधा सपाट स्कॅनर होता, आणि नाण्यासाठी तो कॅमेऱ्यापेक्षा एका बाबतीत चांगला: त्याचे माप ठरलेले असते. १२०० डीपीआयवर स्कॅन केले तर एका इंचात, म्हणजे २५.४ मि.मी. मध्ये, १२०० पिक्सेल. नाण्याचा सर्वांत रुंद व्यास कॅलिपरने मोजला तो २१.० मि.मी. भरला, म्हणजे चित्रात तो ९९२ पिक्सेल यायला हवा. ही एकच संख्या पुढे सगळ्या कापाकापीची साक्षीदार झाली. (स्कॅनर खरे बोलतो का, हे पाहण्यासाठी आधी एक स्टीलची पट्टी स्कॅन करावी. ५० मि.मी. चे २३६२ पिक्सेल भरले की विश्वास ठेवावा.)

स्कॅनरचा दिवा हा या कामातला दुर्लक्षित भाग. काचेखाली सरकणाऱ्या पट्टीवर प्रकाश आणि संवेदक दोन्ही असतात, पण प्रकाश बहुधा संवेदकाच्या एकाच बाजूने, तिरका येतो. म्हणून नाण्याची सावलीही एकाच बाजूला पडते. ती कोणती, हे यंत्रानुसार बदलते. ओळखण्यासाठी काचेवर मुगाचे चार दाणे ठेवून वर पांढरा कागद टाकावा आणि स्कॅन करावा. दाण्यांच्या सावल्या ज्या दिशेला पडतील, त्याच्या विरुद्ध बाजूने दिवा आहे. काही यंत्रांत दोन्ही बाजूंना दिवे असतात, तेव्हा दोन फिकट सावल्या दिसतात.

हे कळणे का आवश्यक, तर आपला डोळा प्रकाश वरून येतो असे गृहीत धरतो. नाण्यावर प्रकाश वरून आला तर उठलेली अक्षरे उठलेली दिसतात. तोच प्रकाश खालून आला तर तीच अक्षरे कोरल्यासारखी, आत गेलेली दिसू लागतात. या फसगतीतून सोडवणारी खूण म्हणजे नाण्याबाहेर पडलेली सावली: ती पाहून डोळा प्रकाशाची दिशा ओळखतो आणि सावरतो. पार्श्वभूमी आणि सावली काढून टाकली की ही खूण जाते. म्हणून सूचीसाठी जे चित्र कापायचे आहे त्यात प्रकाश वरूनच, शक्यतो वर-डावीकडून आलेला असला पाहिजे; तसा तो नसेल तर सावली काढणे म्हणजे वाचकाचा शेवटचा आधार काढून घेणे होय. दिवा हलवता येत नाही, पण नाणे फिरवता येते. चित्रात प्रकाश वरून येत असेल, तर चित्रात नाणे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुमारे पंचेचाळीस अंश कललेले दिसेल असे काचेवर ठेवावे आणि स्कॅननंतर चित्र तितकेच उलट फिरवून अक्षरे सरळ करावीत. प्रकाश वर-डावीकडे जातो. दोन्ही बाजूंना हाच कल ठेवावा, नाहीतर पानावर शेजारी-शेजारी छापलेल्या दोन बाजूंवर दोन वेगळे सूर्य दिसतात.

भिंगारच्या नाण्याचा पहिला स्कॅन असाच, वर पांढरा कागद ठेवून झाला. प्रकाश वर-डावीकडून, म्हणून सावली खाली-उजवीकडे. आणि आपली संशयित रेघ कुठे? उजवीकडे, कडेवर. रेघ खरी असो वा खोटी, ती बरोबर सावलीच्या चंद्रकोरीला चिकटलेली होती.

अशा चित्रातून पार्श्वभूमी रंगाच्या जवळिकीवरून निवडायला गेले तर काय होते, ते आकड्यांत दिसते. जीआयएमपी या मोफत प्रणालीत `Select by Color` हे साधन आहे. पांढऱ्या कागदावर टिचकी मारली की पांढरा भाग निवडला जातो, सावलीची चंद्रकोर मात्र राखाडी असल्यामुळे मागे राहते. तेवढेच कापले तर नाण्याची रुंदी १०३० पिक्सेल भरते, म्हणजे २१.८ मि.मी. कॅलिपर २१.० म्हणतो. वरचा ०.८ मि.मी. ही सावली आहे, आणि पांढऱ्या पानावर ती तांब्याच्या जाड काठासारखी दिसते. उलट, सावलीवरही टिचकी मारून ती निवडीत सामील केली तर दुसरे टोक गाठले जाते. नाण्याची उजवी कड झिजून उताराची झालेली आहे. तो उतार प्रकाशाच्या आड असल्यामुळे त्याचा रंग जवळपास सावलीसारखाच काळपट आहे. सावलीबरोबर तोही निवडला जातो. आता रुंदी ९६५ पिक्सेल, म्हणजे २०.४ मि.मी. नाण्याचा अर्ध्या मि.मी.हून अधिक भाग गेला, आणि त्याच्यासोबत ती उभी रेघही गेली. पहिल्या चित्रावरून सूची करणारा ‘पती’ लिहील, दुसऱ्यावरून ‘पत’. दोन्ही चित्रे दिसायला नीटनेटकी आहेत.

येथे एक सर्रास दिसणारी सवय सांगावीशी वाटते. कड अवघड गेली की लोक वर्तुळाची निवड घेतात आणि नाणे बांगडीसारखे गोल कापून मोकळे होतात. यंत्रावर पाडलेल्या राणीछाप पैशाला ते कदाचित चालेल. हातोड्याच्या नाण्याची चकती गोल नसते. तिला कोपरे असतात, घाव बसताना कडेला पडलेल्या बारीक चिरा असतात. त्या चिरा आणि ते कोपरे हीच ते नाणे हाताने पाडल्याची खूण. वर्तुळाने ती सगळी पुसली जाते आणि मागे एक सुबक, खोटे नाणे उरते.

मग सावली काढायची कशी? उत्तर असे, की ती संगणकावर काढण्याऐवजी काचेवरच पडू देऊ नये. सावली पडायला पृष्ठभाग लागतो. नाणे काचेवर पालथे असते आणि कागद त्याच्या पाठीला टेकलेला असतो, म्हणून त्या कागदावर सावली उमटते. कागद नाण्यापासून दूर नेला, तर सावली पसरून फिकी होते आणि कडेपासून बाजूला सरकते. मिठाईच्या खोक्याचे दोन-अडीच सें.मी. खोल झाकण घ्यावे, त्याला आतून निस्तेज, फिकट निळ्या कार्डशीटचे अस्तर लावावे आणि ते नाण्यावर पालथे घालावे. स्कॅनरचे स्वतःचे झाकण उघडेच राहील, म्हणून वरून एक जाड कापड टाकावे. खोलीतला प्रकाश आत यायला नको.

निळाच का, असे विचारता येईल. तांब्याचा रंग तांबूस-तपकिरी. निळा त्याच्या जवळपासही नाही. तांब्यावर जी हिरवट कळा चढते तिच्यामुळे हिरवा कागद मात्र बाद ठरतो. आणि निळ्यावर उरलीसुरली सावली पडली तरी ती गडद निळी पडते, म्हणजे उजळपणा बदलतो, रंगछटा तीच राहते. जीआयएमपीच्या त्याच साधनात `Select by` या यादीत `LCh Hue` निवडले की निवड उजळपणाकडे न पाहता फक्त रंगछटेवरून होते. कागद आणि त्यावरची सावली दोन्ही एका टिचकीत निवडले जातात, आणि नाण्याचा अंधारातला उतार तपकिरी असल्यामुळे सुरक्षित राहतो. पांढऱ्यावर जे वेगळे करता येत नव्हते, ते निळ्यावर आपोआप वेगळे होते.

याला मर्यादा आहेत. फार काळोख्या पिक्सेलना रंगछटा अशी उरतच नाही; तेथे निवड दाणेदार, फाटकी होते. ज्या स्कॅनरमध्ये मोठे भिंग नसून संवेदक थेट काचेखाली असतो (पातळ, हलके, केबलवर चालणारे बहुतेक स्कॅनर असे असतात), त्यांचा प्रकाश अडीच सें.मी.पर्यंत पुरेसा पोचत नाही आणि निळा कागद काळा दिसतो. तेथे कागद सें.मी.भर उंचीवर आणावा. अशा यंत्राची आणखी एक अडचण म्हणजे काचेपासून जरा वर गेलेले सगळे त्याला धूसर दिसते. झिजलेल्या नाण्याचा मध्यभाग स्पष्ट आणि उताराची कड अस्पष्ट येते. भिंगाचा जुना, जाडजूड स्कॅनर कुठे धूळ खात पडलेला असेल तर नाण्यांसाठी तोच शोधावा. आणि देव्हाऱ्यातले नाणे घासून चकचकीत झालेले असल्यामुळे कडेवर कागदाचा निळा रंग थोडा परावर्तित होतो, हेही लक्षात ठेवावे लागते.

स्कॅन करताना यंत्राची सगळी ‘मदत’ बंद ठेवावी: आपोआप उजळणे, धार वाढवणे, धूळ काढणे. धूळ काढणारी सोय शिवराईवरचे बारीक बिंदू धूळ समजून पुसू शकते. साठवण टीआयएफएफ मध्ये करावी. जेपीईजीमध्ये कडेभोवती जे मळकट कण दिसतात ते नंतर सावलीसारखेच भासतात.

दुसऱ्या स्कॅनमध्ये, निळ्या कागदासह, भिंगारच्या नाण्याभोवती चंद्रकोर उरली नाही. रंगछटेने निवड केली आणि रुंदी मोजली: ९९४ पिक्सेल. कॅलिपरच्या मापाहून दोन पिक्सेल जास्त. तेवढा निळसर काठ कडेला लागलेला होता. निवड उलटवून (`Select > Invert`) ती एका पिक्सेलने आत घेतली (`Select > Shrink`), दोन्ही बाजूंनी मिळून दोन पिक्सेल गेले आणि माप जुळले. एक पिक्सेल म्हणजे येथे ०.०२ मि.मी.; याहून जास्त आत जायची वेळ आली तर निवडच चुकलेली आहे असे समजावे. त्यानंतर कडेची कात्रीसारखी धार जावी म्हणून एक पिक्सेलचा `Feather`. मग `Layer > Mask > Add Layer Mask` मधून `Selection` निवडले. मास्कने पार्श्वभूमी पुसली जात नाही, झाकली जाते. उद्या कुणाला शंका आली तर मास्क बाजूला करून कड पुन्हा पाहता येते. पुसून टाकलेली कड परत मागता येत नाही.

तपासणी डोळ्यांनीच करायची असते. कापलेल्या नाण्याखाली आळीपाळीने पांढरा, काळा आणि भडक पिवळा थर ठेवून कडेवरून दुप्पट आकारात फिरून यावे. पांढऱ्यावर उरलेली सावली उघडी पडते, काळ्यावर उजळ किनार दिसते, पिवळ्यावर निळी झाक ओरडून सांगते. जेथे निवड फाटलेली असेल तेवढीच जागा `Paths` साधनाने हाताने आखावी, आणि हाताने कुठे आखले त्याची नोंद ठेवावी.

इतके झाल्यावर कड खरी आहे, हे कळले. रेघही कडेच्या आत शाबूत होती. पण ती अक्षराची आहे की कडेवरच्या एखाद्या खळग्यातली सावली, हे अजून ठरायचे होते.

त्यासाठी तिसरा स्कॅन. नाणे काचेवर एकशे ऐंशी अंशांत फिरवले, आणि चित्र सरळ करून पहिल्याशेजारी ठेवले. आता प्रकाश खाली-उजवीकडून येत होता. सगळी अक्षरे कोरल्यासारखी खोल दिसू लागली; म्हणून हे चित्र सूचीसाठी निरुपयोगी, पण चौकशीसाठी मोलाचे. उठलेल्या रेघेला दोन अंगे असतात, एक उजेडातले आणि एक काळोखातले. प्रकाश उलट केला की दोन्ही अंगांची अदलाबदल होते, रेघ मात्र जागची हलत नाही. नुसती पडलेली सावली असेल तर ती जागाच सोडते, विरुद्ध बाजूला जाते. खळगा असेल तर तोही जागेवर राहतो, पण त्याच्या उजेड-काळोखाचा क्रम उठलेल्या अक्षरांच्या नेमका उलट असतो. म्हणून शेजारच्या ‘त’च्या कान्याशी ताडून पाहायचे. पहिल्या स्कॅनमध्ये कान्याची डावी बाजू उजळ, उजवी काळी. संशयित रेघेचेही तसेच. तिसऱ्या स्कॅनमध्ये कान्याची उजवी बाजू उजळ झाली, आणि रेघेचीही झाली. दोन्ही चित्रांत ती कान्यापासून तितक्याच अंतरावर होती. तिच्या वरच्या टोकाला डावीकडे वळणारी किंचित कमानही तिसऱ्या चित्रात दिसली, जी पहिल्यात अंधारात बुडालेली होती.

ती दीर्घ वेलांटी आहे. भिंगारच्या या शिवराईवर ‘पती’ आहे.

पानावर हे नाणे दुसऱ्या स्कॅनमधून कापलेल्या रूपात, पांढऱ्यावर, दोन्ही बाजू एकाच मापाने, अशी लावली. खाली वजन, व्यास, प्रकाशाची दिशा आणि ‘पार्श्वभूमी निवडीने झाकली आहे’ एवढी ओळ. वेलांटीविषयीच्या टिपेसोबत तिसऱ्या स्कॅनमधला कडेचा तुकडा, न कापता, निळ्या कागदासह छापायचा आग्रह मी धरला; पान त्यामुळे थोडे विजोड दिसते, आणि दिसू द्यावे.

संग्रहालयांच्या चकचकीत पानांवर हल्ली कापलेल्या नाण्याखाली संगणकाने काढलेली मऊ सावली पुन्हा चिकटवतात. समई, तोफगोळा किंवा दगडी मूर्ती यांच्या बाबतीत मला त्यात गैर वाटत नाही. उभी वस्तू कशावर तरी टेकलेली असते, आणि तळाशी सावली नसली तर ती हवेत लोंबकळल्यासारखी दिसते. तेथेही बनावट सावलीपेक्षा त्याच छायाचित्रातली तळाची खरी सावली वेगळ्या थरावर उचलून, `Multiply` पद्धतीने पानावर बसवणे चांगले. प्रकाशाची दिशा तरी खोटी ठरत नाही. नाण्याचे तसे नाही. सूचीत त्याच्या दोन्ही बाजू शेजारी-शेजारी असतात. एकच नाणे एकाच वेळी चित आणि पट पडून दोन सावल्या टाकू शकत नाही. आणि कडेला लागून असलेली प्रत्येक गडद रेघ वाचक आधी अक्षर म्हणूनच वाचू पाहतो.

मूळ तिन्ही स्कॅन, न फिरवलेले, न कापलेले, सावलीसकट, स्वतंत्र ठेवले आहेत. नाणे त्याच संध्याकाळी परत गेले. आता ते पुन्हा दर सणाला चिंचेने घासले जाईल, आणि कडेवरची ती वेलांटी दरवर्षी थोडी थोडी कमी होत जाईल.